काजू कारखान्याच्या अर्जात पाण्याचा हिशोब कसा मांडायचा

मंडळी, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला एक छोटा काजू कारखाना समजा, तीस कामगार, दिवसाला एक टन बी वाफवायची, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे कन्सेंटसाठी अर्ज करायचाय. बहुतेक जण पर्यावरणाच्या भागात लिहितात, "पाण्याचा वापर अल्प." असं लिहू नका, आकडा द्या आणि तो कुठून आला तेही सांगा.

माणशी ४५ लिटर धरा, तीस जणांचे झाले १,३५०. बॉयलरला रोज लागणारं नवीन पाणी ६०० धरू, फरशी धुवायला ४००, एकूण २,३५०. आता हे पाणी जातं कुठे तेही तेवढंच जुळायला हवं. कामगारांच्या पाण्यातलं ऐंशी टक्के सांडपाणी, म्हणजे १,०८०, फरशीचं ३५०, बॉयलरमधून सोडलेलं ६०, झाले १,४९०, आणि उरलेले ८६० वाफेत, पिण्यात, सुकण्यात गेले. बेरीज जुळली नाही तर तपासणारा माणूस पहिल्यांदा तिथेच बोट ठेवणार, आणि बरोबरच आहे त्याचं.

मग ते १,४९० लिटर सोडायचं कुठे? सेप्टिक टँक आणि सोक पिट, असं सगळेच लिहितात. पण आपली जमीन चिऱ्याची, पाणी भराभर खाली उतरतं, आणि पावसात भूजल एवढं वर येतं की सोक पिट आधीच भरलेला असतो, त्यात आणखी पाणी जाणार कसं! म्हणून जवळच्या विहिरींची पातळी मे महिन्यातली न देता ऑगस्टमधली द्या, आणि शेजारच्यांच्या विहिरी नकाशावर अंतरासकट दाखवा. फरशीच्या पाण्यात टरफलाचं तेल येतं, ते आधी तेलाच्या सापळ्यातून गेलं पाहिजे, थेट सेप्टिक टँकमध्ये नाही.

कचऱ्यात मोठी गोष्ट टरफलं. एक टन बी फोडलं की साधारण साडेसहाशे ते सातशे किलो टरफल निघतं. थोडं बॉयलरमध्ये जाळाल, बाकीचं तेल काढणाऱ्याला विकाल, पण घेणारा कोण, किती दिवसांनी नेणार, तोवर माल कुठे राहणार, हे लिहा. उघड्यावर ढीग ठेवला आणि वर पाऊस पडला की ते काळं, अंगाला पोळणारं तेल पाण्याबरोबर वाहतं, त्यामुळे छप्पर आणि पक्की फरशी आराखड्यातच दिसू दे. राखेचंही सांगा.

आवाजाचं थोडक्यात. जनरेटर एक मीटरवर ७५ डेसिबल असेल तर मोकळ्या जागेत दहा मीटरवर साधारण ५५ उरतो, म्हणजे निवासी भागाची दिवसाची मर्यादा जेमतेम पाळली जाते. रात्री दहानंतर मर्यादा ४५, त्यासाठी तीसेक मीटर लांब जावं लागतं. घर वीस मीटरवर असेल तर रात्री जनरेटर चालवणार नाही असं लिहून द्या, किंवा तो प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला न्या आणि नकाशा बदला.