पहिल्या मेलमधला विनोद आणि स्टेशनच्या पाटीवरचा ळ

(दृश्य: रबाळे स्टेशन, सकाळची गर्दी. ठाण्याहून आलेली लोकल. एमआयडीसीकडे जाणारी रिक्षांची रांग.)

रबाळ्याला उतरून एमआयडीसीत शिरलात की दहा मिनिटांवर आमचा गाळा आहे. आमचा म्हणजे दादांचा, मी तिथे एक्स्पोर्टचा पत्रव्यवहार बघते. आम्ही स्टीलचे फेरूल बनवतो, म्हणजे दुधाच्या किंवा औषधाच्या प्लांटमधे दोन पाइप जोडायला जी गोल कडी लागते ना, मधे गॅस्केट आणि वरून क्लॅम्प, ती. मटेरिअल ३१६एल आणि आतून पॉलिश इतकं की बोट फिरवलं तर कुठे अडकायला नको, कारण जिथे ओरखडा तिथे दूध साचतं आणि जिथे दूध साचतं तिथे जंतू वाढतात.

पण या व्हिडिओत फेरूल बाजूला ठेवूया. मला बोलायचंय त्या एका ओळीबद्दल जी आपण अनोळखी परदेशी गिऱ्हाईकाला लिहिताना हमखास टाकतो, थोडी गंमत, थोडं आपलेपण, आणि ती तिकडे पोचेपर्यंत तिचं काय होतं.

(दृश्य: गाळ्याचा माळा, टेबल, लॅपटॉप. खाली लेथचा आवाज.)

जून २०२४ मधे फ्रँकफर्टला आकेमा प्रदर्शन होतं, केमिकल आणि फार्मा मशिनरीचं, तीन वर्षांतून एकदा भरतं. दादा आणि त्यांचा मुलगा दोघं गेले होते. तिथे एका जर्मन कंपनीचे परचेसवाले भेटले, त्यांनी सॅम्पल हाताळून बघितले आणि चौकशीच्या फॉर्मवर स्वतः लिहून सही केली की कॅटलॉग आणि रेट मेल करा. हा फॉर्म महत्त्वाचा, कारण जर्मनीत स्पर्धेचा जो कायदा आहे, यूडब्ल्यूजी, त्याच्या कलम ७ प्रमाणे आधी स्पष्ट संमती घेतल्याशिवाय जाहिरातीचा ईमेल पाठवणं म्हणजे उपद्रव, आणि समोर कंपनी असली तरी तेच. नुसतं कार्ड मिळालं म्हणजे संमती मिळाली असं धरून चालू नका. संमतीच नसेल तर विनोद कसा करावा हा प्रश्नच येत नाही, तिथे सरळ पोस्टाने कागदी पत्र पाठवा.

तर संमती होती. मुलगा घरी आला, उत्साहात होता, आणि मी रजेवर असताना त्याने मेल टाकला. सुरुवात हाय आणि पुढे त्यांचं पहिलं नाव. मग कॅटलॉग, रेट, आणि शेवटी एक ओळ, की सॅम्पल लवकरच पाठवतो, आणि घाबरू नका, इंडियन स्ट्रेचेबल टाइमप्रमाणे नाही हं! पुढे हसरा चेहरा.

आता ही ओळ ठाण्यातल्या कुठल्याही माणसाला वाचून दाखवा, तो हसेल. कारण आयएसटीचा हा जोक आपण सगळे करतो, लग्नाचा मुहूर्त चुकला की करतो, मीटिंगला उशीर झाला की करतो, आणि तो करताना आपण दोघंही त्याच उशिरात अडकलेलो असतो म्हणून तो गोड वाटतो. तिकडे त्या माणसाने काय वाचलं? ज्याच्याकडून मी पहिल्यांदाच माल घेणार आहे तो स्वतःहून सांगतोय की आमच्याकडे वेळेची बोंब असते. त्याच्या प्लांटला शटडाउनच्या ठराविक दिवसांत जोडणी करायची असते, फेरूल आले नाहीत तर फिटर बसून राहतात, त्यामुळे डिलिव्हरी हा त्याच्यासाठी गमतीचा विषय नाहीच, तो करारातला आकडा आहे.

दोन दिवसांनी उत्तर आलं, दोन ओळींचं. कृपया सॅम्पल कुठल्या कॅलेंडर वीकमधे निघतील ते लेखी कळवा, आणि मटेरिअलचं ३.१ सर्टिफिकेट, म्हणजे त्या स्टीलच्या तपासणीचा कागद, सोबत येणार का तेही.

मुलगा म्हणाला, "ताई, रागावले नाहीत ना ते? नीट तर लिहिलंय." मी म्हटलं, "रागावले नाहीत रे, पण विचारतायत बघ काय. आपण रेट दिला, ग्रेड दिली, त्यावर एक शब्द नाही. सगळा प्रश्न वेळेवर आला." हेच ओळखायचं असतं. विनोद फसला की समोरचा तसं तोंडावर सांगत नाही, तो फक्त जास्त कोरडा होतो आणि ज्या गोष्टीवर तुम्ही हसलात तीच लेखी मागतो.

(दृश्य: भिंतीवरचं कॅलेंडर, आठवड्यांना पेनाने घातलेले नंबर.)

मग आम्ही दोघांनी बसून दुसरा मेल लिहिला. आधी संबोधन बदललं. त्यांच्या कार्डावर नावाआधी डॉक्टर होतं, ते जर्मनीत गाळत नाहीत, म्हणून डिअर डॉक्टर आणि आडनाव. पहिल्या नावावर यायचं ते त्यांनी बोलावलं तर.

मग वेळ. तिकडे महिन्याच्या तारखेपेक्षा आठवड्याच्या नंबरावर बोलतात, वर्षाचा पहिला, दुसरा असा, आठवडा सोमवारी सुरू. दादांनी सांगितलं होतं सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात देऊ. मोजलं तर २ सप्टेंबरचा सोमवार म्हणजे आठवडा ३६, आणि त्याच आठवड्यात ७ तारखेला गणपती! आमची अर्धी पोरं तर चतुर्थीच्या तीन-चार दिवस आधीच कोकणात निघतात, पॉलिशवाला सावंतवाडीचा, पॅकिंगवाला चिपळूणचा. म्हणून आम्ही लिहिलं की सॅम्पल आठवडा ३५ मधे निघतील, कारण आठवडा ३६ मधे आमचा वर्षातला सगळ्यात मोठा सण आहे, कारागीर गावाला आपापल्या घरी जातात आणि त्यांनी जाण्याआधी तुमचा माल स्वतः पॅक करून जावं असं आम्हाला वाटतं.

मला ही ओळ फार आवडते, अजूनही. पर्सनल नोट आहे की नाही? आहे. घर आहे, सण आहे, माणसं आहेत. पण ती काम करते, तारखेमागचं कारण सांगते, आणि वाचणाऱ्याला गणपती म्हणजे काय हे ठाऊक नसलं तरी त्याचं काही अडत नाही. सर्टिफिकेटला सरळ हो लिहिलं.

आणि गंमत? ती पण ठेवली, कारण मुलाचं म्हणणं चुकीचं नव्हतं, स्टॉलवर ते डॉक्टर खरंच मोकळे बोलले होते, त्यांनी कार्ड बघून विचारलं होतं की तुमच्या गावाचं नाव म्हणायचं कसं. तेवढा धागा पकडला. लिहिलं की तुम्ही नावाचा उच्चार विचारला होता, त्यात एक अक्षर असं आहे ज्यासाठी इंग्रजीत अक्षरच नाही, त्यामुळे आमच्या स्टेशनच्या पाटीनेसुद्धा तिथे एल लावून वेळ मारून नेलीये.

(दृश्य: रबाळे स्टेशनची पाटी जवळून, मराठीतला ळ, खाली इंग्रजी.)

यात हसं कुणाचं होतंय? कुणाचंच नाही, पाटीचं. आणि समजा त्यांना विनोद कळलाच नाही, अक्षरशः वाचलं, तरी वाक्य खरंच आहे आणि निरुपद्रवी आहे. मी प्रत्येक गमतीच्या ओळीला हेच लावते, हसू काढून घ्यायचं आणि उरलेलं वाक्य कोर्टात वाचल्यासारखं वाचायचं. स्ट्रेचेबल टाइमवाली ओळ अशी वाचली तर कबुलीजबाब निघतो.

पाच दिवसांनी उत्तर आलं. आठवडा ३५ मंजूर. आणि खाली एक ओळ, की त्यांच्या गावाच्या नावात दोन टिंबांचा यू आहे आणि परदेशी कुरिअरवाले ती टिंबं कायम सांडतात, तेव्हा लेबलवर नीट लिहा. आता गंमत त्यांनी केली होती, कामाची सूचना पण त्यातच दिली होती. लेबल आम्ही टिंबांसकट छापलं.

त्यानंतर मुलगा सुटला. गाळ्यात एक मांजर आहे, गॅस्केटच्या खोक्यावर झोपते, तिचा फोटो काढून खाली लिहिलं, आमची क्वालिटी इन्स्पेक्टर, आणि म्हणाला हे तर कुणालाही आवडेल. खरंय, मांजर जगभर आवडते. पण आपण विकतो काय? दुधाच्या प्लांटचे फेरूल. त्या माणसाला मांजर दिसणार नाही, त्याला पॅकिंग मटेरिअलवर केस दिसतील. फोटो नाही गेला, आणि दादांनी गॅस्केटची खोकी झाकणाच्या रॅकमधे हलवली, जे आधीच व्हायला हवं होतं.

(दृश्य: पाऊस. गाळ्याच्या पत्र्यावर पडणारं पाणी.)

जपानचं सांगते थोडं. तिकडे पत्राच्या सुरुवातीला ऋतूबद्दल एक वाक्य लिहायची जुनी पद्धत आहे, रोजच्या ऑफिसच्या मेलमधे ते आता बरेचदा गाळतात, पण परदेशी माणसाने लिहिलं तर कुणाला खटकत नाही. आणि आपलं नशीब असं की जूनमधे आपल्याकडे मान्सून येतो तेव्हा त्यांच्याकडे पण पावसाळा लागतो, त्सुयू म्हणतात, प्लम पिकायच्या दिवसातला पाऊस. म्हणून ओसाकाच्या गिऱ्हाईकाला आम्ही लिहिलं, इकडे पाऊस सुरू झाला, तुमच्याकडेही त्सुयू लागला असेल, काळजी घ्या. एवढंच. आडनावाला सान जोडलं. जोक एकही नाही.

पण पावसावर सुद्धा जपून. २०१८ च्या जुलैमधे पश्चिम जपानात पावसाने दोनशेच्या वर माणसं गेली. २६ जुलै २००५ नंतर चार दिवसांनी कुणी परदेशातून आपल्याला लिहिलं असतं की मुंबईत होड्या चालवताय की काय, तर आपल्याला कसं वाटलं असतं? म्हणून पाठवायच्या आधी त्या शहराच्या बातम्या बघायच्या, दोन मिनिटं लागतात.

आखातात वेगळंच, तिथे हॅपी फ्रायडे लिहायची सवय नडते. सौदीत शुक्रवार-शनिवार सुट्टी, तुमचा शुक्रवारचा मेल जुम्म्याच्या नमाजच्या दिवशी पोचतो. यूएईने १ जानेवारी २०२२ पासून सुट्टी शनिवार-रविवार केली, त्यामुळे दोघांना एकच मेल चालत नाही.

(दृश्य: मुलगा लॅपटॉपसमोर, बाहेर अजून पाऊस.)

परवा मुलाने नवा मेल दाखवायला आणला, जपानचाच, साप्पोरोची डेअरी. मी वाचत होते, पावसाचं वाक्य कुठे दिसेना. विचारलं तर म्हणाला, "ताई, साप्पोरो होक्काइदोत येतं, तिकडे त्सुयू नसतोच. म्हणून काढलं."