चहाच्या कपातला बर्फ

श्रोतेहो, नमस्कार. मी बरीच वर्षे शाळेत भौतिकशास्त्र शिकवले, पण एन्ट्रॉपी इतक्या सोप्या वाटेने मी वर्गात कधी समजावली नव्हती. ती वाट मला दाखवली सुट्टीत घरी आलेल्या माझ्या नऊ वर्षांच्या नातीने.

दुपारी मी तिला कोरा चहा गाळून दिला. तो लवकर निवावा म्हणून तिने त्यात बर्फाचा खडा सोडला. खडा तडकल्याचा बारीकसा आवाज आला आणि त्याच्या बुडाखालून वितळलेल्या थंड पाण्याच्या फिकट रेघा चहात खाली उतरू लागल्या. खडा पुरता विरेपर्यंत ती कपावरून नजर हलवायला तयार नव्हती. मग तिने विचारले, "आजी, आपण खूप वेळ थांबलो तर हा बर्फ परत होईल का? आणि चहा परत कढत?"

प्रश्न खोल होता. बर्फाने घेतलेली उष्णता चहाला परत मिळाली, तर ऊर्जेचा हिशेब चोख जुळतो. तरीही तसे कधी घडत नाही, कारण निसर्ग आणखी एक हिशेब ठेवतो. क्लॉसियस या जर्मन शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये त्या राशीला एन्ट्रॉपी हे नाव दिले. मुलांना एन्ट्रॉपी म्हणजे पसारा असे सांगण्याची पद्धत आहे. मला ती पटत नाही, म्हणून मी तिला उष्णतेला केल्विनमधल्या तापमानाने भागायलाच लावले.

चहा ८० अंश सेल्सिअसचा, म्हणजे ३५३ केल्विन. बर्फ शून्य अंशाचा, म्हणजे २७३ केल्विन. चहातून १००० ज्यूल उष्णता बर्फात गेली असे धरू. कपभर चहा तेवढ्याने जेमतेम दीड-दोन अंश उतरतो, म्हणून ढोबळ भागाकार चालतो. १००० ला ३५३ ने भागले की २.८ येतात, तेवढी एन्ट्रॉपी चहाने गमावली. त्याच १००० ला २७३ ने भागले की ३.७ येतात, तेवढी बर्फाने कमावली. उष्णता तीच, पण थंड जागी भाजक लहान, म्हणून एकूण ०.९ ची वाढ झाली. उष्णता उलटी गेली असती तर तेवढीच घट झाली असती, आणि आपोआप अशी घट होत नाही.

"मग वाढ थांबते कधी?" तिने विचारले.

"चहा आणि वितळलेले पाणी एकाच तापमानाला आले, की दोन्ही भाजक सारखे होतात," मी म्हटले.

ती जरा गप्प झाली, आणि मग म्हणाली, "पण फ्रिज तर पाण्याचा बर्फ करतो!"

मी तिचा हात धरून तिला आमच्या जुन्या फ्रिजमागे नेले. तिथली काळी जाळी चांगलीच तापलेली होती. पाण्यातून काढलेली उष्णता, आणि तिच्या जोडीला विजेची ऊर्जाही, ती जाळी स्वयंपाकघरात सोडत होती. नातीने हात जाळीजवळ धरला आणि म्हणाली, "आजी, म्हणजे बर्फाची घट इथे भरून निघते!"