मशिनवर 05 आलं की ‘बॅलन्स नाही’ म्हणू नका! कार्ड मशिनचे कोड, आणि त्यामागे बोलतं कोण

नमस्कार मंडळी! मागच्या महिन्यात कार्ड मशिनचा पेपर रोल कसा बदलायचा, यावर चार मिनिटांचा व्हिडिओ टाकला होता. रोलबद्दल कुणीही काही विचारलं नाही. खाली सगळे प्रश्न एकाच धाटणीचे: “दादा, 05 येतंय”, “भाऊ, 91 म्हणजे काय?” एका काकांनी तर फक्त “51???” एवढंच लिहिलंय. काका, 51 म्हणजे खात्यात पैसे कमी आहेत. माफ करा, पण तेच आहे.

तर आज कोड. सोपे आहेत ते पटकन उरकतो. 00 म्हणजे मंजूर, सोबत सहा अक्षरांचा अप्रूव्हल कोड येतो. 51 आत्ताच सांगितलं. 54 कार्डाची मुदत संपली. 55 पिन चुकला. 75 म्हणजे पिन इतक्यांदा चुकला की आता बरोबर टाकलात तरी उपयोग नाही. 14 म्हणजे कार्ड नंबरच ओळखीचा नाही. झालं. याची यादी कुठेही मिळेल, त्यासाठी मी कॅमेरा लावला नसता.

कॅमेरा लावलाय तो 05 साठी. मी बरीच वर्षं नाशिकमध्ये दुकानादुकानांत ही मशिनं बसवत आणि दुरुस्त करत फिरलोय, आणि या एका कोडावरून जेवढी भांडणं पाहिलीत तेवढी सुट्ट्या पैशांवरूनही पाहिली नाहीत.

आधी उत्तर येतं कुठून ते बघा. तुम्ही रक्कम टाकली, कार्ड घातलं, पिन घेतला. मशिन तो निरोप दुकानदाराच्या बँकेकडे पाठवतं, तिथून तो रुपे, व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या नेटवर्कवर जातो आणि तिथून गिऱ्हाइकाच्या बँकेकडे. त्याच वाटेने उत्तर परत येतं. या निरोपाची एक ठरलेली मांडणी आहे, आयएसओ ८५८३ नावाची, १९८७ साली आलेली. त्यात नंबर घातलेले रकाने असतात आणि ३९ नंबरच्या रकान्यात दोन अक्षरांचं उत्तर असतं. हे बघा, स्क्रीनवर टाकतो:

```
0100   4: 000001840000
0110  39: 05
```

वरची ओळ विनंती, खालची उत्तर. काही ठिकाणी हेच 0200 आणि 0210 असतं, त्यात आज शिरत नाही. ४ नंबरच्या रकान्यातली रक्कम रुपयांत नाही, पैशांत असते, म्हणजे हे झाले १८,४०० रुपये. आणि उत्तर 05. इंग्रजीत याचं नाव ‘डू नॉट ऑनर’. सरळ मराठीत: “हा व्यवहार करू नका, कारण सांगणार नाही.”

कारण सांगणार नाही. हे तीन शब्द लक्षात ठेवा.

हे १८,४०० मी उगाच घेतले नाहीत. लग्नसराईतली गोष्ट, साडीचं दुकान. मी तिथं दुसऱ्याच कामासाठी गेलो होतो, मशिनची बॅटरी फुगली होती. गल्ल्यासमोर एक ताई, सोबत सासूबाई, विहीणबाई, अख्खा गोतावळा. कार्ड घातलं, 05. दुकानदारानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “ताई, बॅलन्स नाहीये.” ताईंचा चेहरा बघवत नव्हता. त्यांनी मोबाइलवर खातं उघडून दाखवलं, साडेतीन लाख शिल्लक. दुकानदार म्हणे, मग मशिन खोटं बोलतंय का? परत घातलं. 05. परत. 05. चौथ्यांदाही तेच.

मशिन खोटं बोलत नव्हतं आणि ताईही नाही. मशिन ‘बॅलन्स नाही’ असं म्हणालंच नव्हतं! ते दुकानदार म्हणाला होता.

मी ताईंना विचारलं, आज आणखी कुठे कार्ड वापरलंत? सकाळी सराफाकडे, ३८,००० रुपये. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाची मर्यादा उघडायला सांगितली. दुकानातल्या मशिनवर दिवसाला ५०,०००. म्हणजे उरले किती? १२,०००. साड्या १८,४०० च्या. खात्यात साडेतीन लाख काय, साडेतीन कोटी असते तरी त्या दिवशी त्या कार्डावर १२,००० च्या वर काही जाणार नव्हतं. ताईंनी तिथंच मर्यादा वाढवली आणि पाचव्या वेळी 00. मग सासूबाईंनी दुकानदाराला जे ऐकवलं ते इथं सांगत नाही.

आता जाणकार कमेंटमध्ये लिहितील, “दादा, मर्यादा ओलांडली तर 61 यायला हवं.” बरोबर, त्यासाठी 61 आहेच. पण यायला हवं आणि येतं यात फरक असतो. बँकेच्या आत नकाराची कारणं ढीगभर असतात: मर्यादा, संशयास्पद व्यवहार, गोठवलेलं खातं, आणखी कायकाय. ती सगळी बाहेर पाठवताना दोन आकड्यांत बसवावी लागतात. कुठल्या कारणाला कुठला कोड लावायचा, हे ती बँक ठरवते. एखादी बँक नीट 61 पाठवते, दुसरी कंटाळा करून सगळं 05 च्या पोत्यात कोंबते.

आणि कधी कधी हे मुद्दाम असतं. समजा कार्ड चोरीचं आहे असा बँकेला संशय आला. आता समोर कार्ड घेऊन उभा आहे तो मालक की चोर, हे बँकेला दिसत नाही. चोराला का सांगावं, की बाबा आम्ही तुला ओळखलंय? म्हणून नुसतं 05. मोघम उत्तर हेच तिथं योग्य उत्तर.

म्हणून 05 आल्यावर दुकानदारानं बोलायचं वाक्य एकच: “तुमच्या बँकेनं नकार दिलाय, कारण त्यांनाच विचारा.” मशिनवाल्या कंपनीला फोन करू नका, आम्हालाही तेच दोन आकडे दिसतात. स्वतःच्या बँकेलाही नको, तिलाही तेच दिसतं. कारण फक्त कार्ड देणाऱ्या बँकेला माहीत. आणि चार-चार वेळा कार्ड घालू नका. थोड्या वेळात तीच रक्कम, तेच कार्ड, तेच दुकान, पुन्हा पुन्हा. बँकेच्या संशय यंत्रणेला हे कसं दिसत असेल, विचार करा.

आता 01. ‘रेफर टू इश्युअर’, म्हणजे कार्ड देणाऱ्या बँकेला विचारा. हा 05 चा चुलतभाऊ, पण जुन्या जमान्यातला. पूर्वी दुकानदार खरंच फोन उचलायचा, स्वतःच्या बँकेच्या अधिकृत नंबरवर. पलीकडून गिऱ्हाइकाची खात्री केली जायची, तोंडी अप्रूव्हल कोड मिळायचा आणि तो हातानं मशिनमध्ये टाकायचा. आज आपल्याकडे 01 आलं तर तो नकारच समजा आणि गिऱ्हाइकाला बँकेशी बोलायला सांगा.

पण एक सापळा आहे. गिऱ्हाईक म्हणतं, “थांबा, मीच बँकेला फोन लावतो.” बोलतं, आणि सांगतं, “घ्या, हा कोड टाका.” टाकू नका! तो फोन त्याच्या मित्राला असू शकतो. हातानं कोड टाकायची सोय चालू असलेलं मशिन कुठलेही सहा आकडे गोड मानून घेतं, कारण त्या वेळी ते कुणालाच विचारत नसतं. स्लिप छान छापून येते, आणि नंतर बँक तीच रक्कम तुमच्याकडून परत घेते. गिऱ्हाइकानं आणलेला कोड घ्यायचा नाही, म्हणजे नाही.

आता 91. इथं बोलणारा बदलतो. 91 म्हणजे गिऱ्हाइकाची बँक किंवा मधला स्विच, म्हणजे निरोप पुढे ढकलणारी यंत्रणा, बंद आहे. बँकेनं नकार दिलेला नाही, बँक भेटलीच नाही. मधलाच कुणीतरी सांगतोय, “घरी कुणी नाही.” त्यामुळे 91 ला थोड्या वेळानं परत प्रयत्न करायला हरकत नाही. चिपच्या स्लिपवर कधी Z3 दिसतं, त्याचा अर्थ मशिनला बँकेपर्यंत पोचता आलं नाही आणि नकार तिथल्या तिथे ठरला. रेंज बघा, सिम बघा.

आणि सगळ्यात जास्त शिव्या ज्याला पडतात ते शेवटी: मशिनवर फेल, स्लिप नाही, आणि गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर पैसे कापल्याचा मेसेज. इथं कोडच आलेला नसतो. बँकेनं 00 म्हटलं, पैसे कापले, पण ते उत्तर परतीच्या वाटेवर हरवलं. मशिन वाट बघून थकतं आणि उलट निरोप पाठवला जातो, रिव्हर्सल, की तो व्यवहार रद्द करा. तो पोचला तर पैसे लगेच परत येतात. नाही पोचला तर दोन्हीकडचे हिशेब जुळवताना सापडतं.

यासाठी रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, सप्टेंबर २०१९ चा. पैसे कापले गेले पण दुकानात स्लिप आली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. तेव्हा गिऱ्हाइकाला “आमच्याकडे आले नाहीत, आम्हाला माहीत नाही” एवढ्यावर वाटेला लावू नका. फेल झाल्याची स्लिप निघत असेल तर द्या, त्यावरचा १२ आकडी संदर्भ क्रमांक, RRN लिहिलेला, तोच बँकेला हवा असतो.

अजून एक राहिलं. एक ताई विचारतात, नवं कार्ड दुकानात चालतं पण ऑनलाइन 57 का येतं? 57 म्हणजे या कार्डाला या प्रकारचा व्यवहार करायची मुभा नाही. २०२० पासून नवं कार्ड येतं तेच फक्त भारतातल्या एटीएम आणि दुकानातल्या मशिनपुरतं चालू. ऑनलाइन, परदेशात आणि टॅप करून, हे तुम्ही स्वतः ॲपमध्ये चालू करायचं. बटण शोधा ताई, मिळेल.

तुमच्याकडे वेगळाच कोड आला असेल तर स्लिपचा फोटो पाठवा. पण कार्डाचे आकडे झाकून! मागच्या वेळी एकानं कार्डाचाच फोटो पाठवला, दोन्ही बाजूंनी. दादा, मी तो डिलीट केलाय, पण तुम्ही ते कार्ड बंद करून नवं घ्या.