पडदा कुठे लावावा आणि कधी काढावा

(इंदूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो, आपल्या या शहरात गाण्याच्या बैठकींना जाणकार श्रोता कधी कमी पडत नाही, आणि गाणे आपण कानांनीच ऐकतो अशी त्या श्रोत्याची ठाम समजूत असते. २०१३ साली चिया-जुंग त्साय या संशोधक-पियानोवादिकेने ही समजूत तपासून पाहिली. आंतरराष्ट्रीय पियानो स्पर्धांच्या अंतिम फेरीतील तीन-तीन वादकांचे काही सेकंदांचे तुकडे तिने काढले. काहींना नुसता आवाज ऐकवला, काहींना आवाज बंद करून नुसते चित्र दाखवले, आणि मूळ स्पर्धेत कोण जिंकला असेल ते ओळखायला सांगितले. डोळे झाकून चिठ्ठी उचलली तरी तीनपैकी एकदा उत्तर बरोबर येणारच. नुसता आवाज ऐकणारे त्या पातळीच्या वर गेले नाहीत, मूक चित्र पाहणारे मात्र निम्म्याच्या आसपास बरोबर ठरले, आणि व्यावसायिक संगीतकारांची गतही तीच झाली. पुढे इतरांनी केलेल्या प्रयोगांत हा परिणाम दरवेळी इतका ठळक आला नाही, हेही नोंदवले पाहिजे. तरीही मूळ स्पर्धांच्या परीक्षकांवर हावभावांचा, देहबोलीचा आणि एकूण दिसण्याचा प्रभाव पडत असावा, ही शंका त्यातून उरतेच.

या शंकेवरचा सर्वांत जुना आणि सर्वांत साधा उपाय म्हणजे पडदा. बॉस्टन सिम्फनी या अमेरिकी वाद्यवृंदाने १९५२ साली वादकांची निवड करताना तो लावला. बाकीचे मोठे वाद्यवृंद बहुतेक १९७० नंतर त्या वाटेला लागले. त्याआधी जागा भरण्याची रीत आपल्याला अनोळखी नाही : संचालक आपल्या परिचयातल्या गुरूंना विचारी, गुरू शिष्याचे नाव सुचवीत, आणि चार जणांना बोलावून काम उरके. नव्या रीतीत जाहिरात आली, उमेदवाराला नावाऐवजी क्रमांक मिळाला, आणि परीक्षक व वादक यांच्यामध्ये जाड कापड टांगले गेले. मग लक्षात आले की लाकडी मंचावर चालताना टाचांचा आवाज होतो आणि चालणारी बाई आहे हे तेवढ्यावरून कळते. म्हणून गालिचा अंथरला गेला. काही ठिकाणी तर एखादा पुरुष कर्मचारी मुद्दाम बूट वाजवत चालत असे. उमेदवाराने मंचावर बोलायचे नाही, काही विचारायचे असेल तर शेजारी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याच्या कानात सांगायचे, असेही नियम झाले. हे तपशील वाचताना हसू येते, पण पडदा फुटतो तो नेमका अशाच ठिकाणी.

या पडद्याचा परिणाम मोजण्याचा प्रसिद्ध प्रयत्न क्लॉडिया गोल्डिन आणि सिसिलिया राऊझ या अर्थतज्ज्ञ स्त्रियांनी २००० साली प्रसिद्ध केला. यांपैकी गोल्डिन यांना २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. वाद्यवृंदांच्या कपाटांत पडून असलेल्या निवडीच्या जुन्या नोंदी त्यांनी जमवल्या आणि एकच वादिका पडद्यामागे व पडद्याविना वाजवताना कुठवर पोचते याची तुलना केली. प्राथमिक फेरीतून पुढे जाण्याची स्त्रियांची शक्यता पडद्यामुळे सुमारे निम्म्याने वाढते, हे त्यांचे अनुमान जगभर पोचले. त्याच लेखात उपांत्य फेरीचे आकडे मात्र उलट दिशेला झुकतात आणि नमुने थोडे असल्याने अनिश्चितता बरीच आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. नंतरच्या टीकाकारांनी त्यावर बोट ठेवले आणि ते योग्यच केले. अमेरिकेतील पाच अग्रगण्य वाद्यवृंदांत १९७० च्या सुमारास स्त्रिया जेमतेम पाच टक्के होत्या आणि पुढच्या पाव शतकात त्या चौथ्या हिश्श्याच्या जवळ गेल्या. पण त्याच काळात संगीतशाळांतून शिकून बाहेर पडणाऱ्या मुलीही वाढल्या आणि जाहिरात देऊन जागा भरण्याची पद्धतही आली. सगळे श्रेय पडद्याला देणे माझ्या मते घाईचे होईल.

आकड्यांपेक्षा एक प्रकरण मला अधिक शिकवते. १९८० साली म्युनिक फिलहार्मोनिकला ट्रॉम्बोन या फुंकून वाजवायच्या पितळी वाद्याचा प्रमुख वादक हवा होता. अर्जदारांत ॲबी कोनंट ही अमेरिकी वादिका होती. निमंत्रणाचे पत्र तिला ‘श्रीयुत’ म्हणून गेले, कारण नावावरून कोणाला काही कळले नव्हते. उमेदवारांपैकी एक जण वाद्यवृंदाच्या ओळखीतल्या वादकाचा मुलगा असल्याने पक्षपात नको म्हणून पहिल्या फेरीत पडदा लावला होता. स्त्रियांचा विचार कोणाच्या मनात नव्हता, हे इथे ध्यानात ठेवावे. तेहतीस उमेदवारांत कोनंट सोळावी. तिचे वादन परीक्षकांना इतके पटले की उरलेल्यांना परत पाठवण्यात आले, आणि पडद्यामागून बाई बाहेर आल्यावर सभागृहात आश्चर्य पसरले. पुढच्या फेऱ्या पडद्याविना झाल्या, त्यातही ती टिकली आणि नेमली गेली. परीक्षेचे वर्ष पार पडले. १९८२ मध्ये मात्र मुख्य संचालक सर्जू चेलिबिदाके यांच्या इच्छेवरून तिला दुय्यम जागेवर उतरवले गेले, कारण प्रमुख ट्रॉम्बोनला पुरुष हवा, असे त्यांचे म्हणणे होते. तिच्यात ताकद कमी आहे हा दावा न्यायालयात गेला, तेव्हा फुफ्फुसांची वैद्यकीय तपासणी करून घेऊन ती क्षमता तिला सिद्ध करावी लागली. जागा परत मिळाली ती १९८८ मध्ये, त्यानंतर पुरुष सहकाऱ्यांइतक्या वेतनासाठी वेगळा लढा झाला, आणि तो १९९३ पर्यंत चालला. पडद्याने आपले काम चोख केले होते. पण निवडीचा दिवस संपला की पडदा निघतो, आणि नंतरची तेरा वर्षे सगळे डोळ्यांसमोरच घडते.

आता गाण्याकडून अर्जाकडे येऊ. आपल्याकडच्या नोकरीच्या बायोडेटात फोटो, जन्मतारीख, वडिलांचे नाव आणि वैवाहिक स्थिती इतक्या निमूटपणे येतात की स्थळांच्या वहीतला कागद चुकून कचेरीत गेला असे वाटावे. फोटोने काय होते, याचा इस्रायलमध्ये मोठा प्रयोग झाला. प्रत्येक जाहिरातीला सारख्या पात्रतेचे दोन-दोन अर्ज पाठवले, एकावर फोटो आणि दुसऱ्यावर नाही. देखण्या पुरुषांना साधारण वीस टक्के वेळा उत्तर आले, सामान्य दिसणाऱ्या पुरुषांना चौदाच्या आसपास, आणि फोटो नसलेल्यांना त्याहून कमी. स्त्रियांच्या बाबतीत चित्र उलटले : सर्वाधिक उत्तरे फोटो न लावणाऱ्यांना आली, आणि देखणेपणाचा त्यांना काही फायदा झाला नाही. म्हणजे ‘सुंदर दिसणाऱ्याचे फावते’ हा ठोकताळासुद्धा सरसकट खरा नाही. शिवाय फोटो लावणे ऐच्छिक ठेवले तर न लावणाराही त्यातून काही सांगून जातो, म्हणून तो सर्वांचाच काढला पाहिजे.

पण सगळे झाकले की न्याय होतोच असे नाही. फ्रान्समध्ये सरकारी रोजगार खात्याने २०१० आणि २०११ मध्ये सुमारे हजार कंपन्यांत नाव, पत्ता, वय आणि फोटो काढलेले अर्ज देऊन पाहिले. स्थलांतरित घरांतले आणि गरीब वस्त्यांतले उमेदवार वर येतील अशी अपेक्षा होती, पण त्यांची मुलाखतीची संधी बाकीच्यांच्या तुलनेत आणखी घटली. त्यामागे दोन कारणे दिसतात. भाग घेणाऱ्या कंपन्या स्वेच्छेने आल्या होत्या, म्हणजे मुळातच त्या उदार असाव्यात. आणि नाव-पत्ता दिसत असताना निवड करणारा माणूस वर्षभराच्या बेकारीचा किंवा शिक्षणातल्या खंडाचा अर्थ परिस्थिती पाहून लावतो, पण नाव-पत्ता झाकला की उरतो तो फक्त खंड. झाबुआसारख्या मागास आदिवासी जिल्ह्यातल्या मुलीने चार वर्षे उशिरा पदवी घेतली असेल तर जिल्ह्याचे नाव वाचून आपण थोडे थांबतो. ते नाव खोडले तर ती नुसतीच मागे पडलेली दिसते. निवडणाऱ्याचा कल ज्या दिशेला असतो त्या दिशेचाच परिणाम झाकण्याने पुसला जातो, आणि कल दुर्बळाच्या बाजूने असेल तर तोही पुसला जातो.

इंदुरातल्या एखाद्या शाळेला गायनशिक्षक नेमायचा आहे आणि चाळीस अर्ज आले आहेत, असे समजू. आलेल्या बायोडेटावर काळी शाई फिरवण्यापेक्षा शाळेनेच छापील नमुना द्यावा, कारण शाईखालून बरेच निसटते : दहावीचे वर्ष वय सांगते, शाळेचे नाव समाज सांगते, महिला मंडळाचे चिटणीसपद लिंग सांगते आणि गुरूचे नाव घराण्यासकट वशिलाही सांगते. नमुन्यात संगीताची पदवी, शिकवल्याची वर्षे, वर्गाचा आकार, आणि खंड असेल तर त्याचे कारण लिहायला दोन ओळी असाव्यात. तोतया उमेदवार येऊ नये म्हणून फोटो लागतो, तो वेगळ्या कागदावर घेऊन लेखनिकाकडे कुलुपात राहावा. अर्जांना क्रमांक देण्याचे काम निवड समितीबाहेरच्या माणसाने करावे.

मग पडद्यामागचे गायन. इथे पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा नियम जसाच्या तसा उचलता येत नाही. तबला किंवा व्हायोलिन असेल तर पडदा बरेच झाकतो, पण गळा स्वतःच ओळख देतो. तानपुरा काळी एकवर लावला की काळी चारवर, एवढ्यावरून पुरुष की स्त्री हे बहुधा कळते, आणि आलापाच्या दोन मिनिटांत जाणकार परीक्षक घराणेही सांगतो. तेव्हा इथला पडदा चेहरा, पेहराव, वय आणि कोणाचा मुलगा-मुलगी हे झाकेल, त्याहून अधिक नाही. सर्वांना एकच राग द्यावा, यमन पुरे, आणि वेळ दहा मिनिटे. फेरी संपल्यावर परीक्षकांना एका कागदावर प्रत्येक क्रमांकाचा माणूस कोण असेल ते लिहायला सांगावे. बरीच नावे बरोबर निघाली तर टांगलेल्या कापडाचा उपयोग झाला नाही, असे समजून इंदूरच्या शिष्यपरंपरेबाहेरचे परीक्षक आणावेत, उज्जैन-देवासचेसुद्धा नकोत, कारण तिथे सगळ्यांची ओळख असते.

शेवटी वर्गातला पाठ राहतो, आणि तो पडद्यामागून घेता येत नाही, कारण मुलांकडे पाहणे, त्यांना आवरणे, बेसूर गाणाऱ्याला न दुखवता सुरात आणणे हेच त्या नोकरीचे काम आहे. इथे दिसणे हा कामाचाच भाग होतो आणि पूर्वग्रहही त्याच दारातून परत शिरतो. म्हणून पाठाआधीच गायनाचे गुण लिहून, समितीच्या सह्या घेऊन पाकीट बंद करावे. पाठाचे गुणही ठरलेल्या चार-पाच बाबींवर, चर्चेआधी, ज्याने त्याने स्वतंत्र लिहावेत. आणि दर फेरीअखेर किती स्त्रिया, किती चाळिशीपुढचे, किती बाहेरगावचे उरले हे लेखनिकाने आपल्या कुलुपातल्या यादीवरून मोजून ठेवावे. पडद्याच्या फेरीत टिकलेले लोक पाठाच्या फेरीत एकदम गळू लागले, तर समितीने पाठाच्या त्या चार-पाच बाबी पुन्हा काढून प्रत्येकीत नेमके काय पाहिले गेले ते एकमेकांना विचारावे, आणि हे नेमणुकीचे पत्र टपालात पडण्यापूर्वी व्हावे.