हजार पास, एक स्वयंगोल

1 जुलै 2018. मॉस्कोचं लुझनिकी स्टेडियम. वर्ल्ड कपची बाद फेरी, स्पेन विरुद्ध यजमान रशिया.

(पडद्यावर: सामन्याचा आकडेवारीचा तक्ता. स्कोअर झाकलेला.)

स्कोअर बघू नका, फक्त तक्ता वाचा. स्पेनचे पास हजारावर. रशियाचे त्याच्या एक तृतीयांशही नाहीत. चेंडूवरचा ताबा स्पेनकडे साधारण पंचाहत्तर टक्के. एवढ्यावर कुणीही म्हणेल, तीन-चार गोलांनी जिंकले असतील.

(स्कोअर उघडतो: 1-1.)

एकशे वीस मिनिटं खेळून बरोबरी. आणि स्पेनच्या नावावरचा तो एक गोलसुद्धा स्पॅनिश पायातून आलेला नाही. बाराव्या मिनिटाला फ्री किक आली, रामोसशी झटापट करताना रशियाच्या इग्नाशेविचच्या पायाला लागून चेंडू त्याच्याच जाळ्यात गेला. स्वयंगोल. म्हणजे हजारावर पासांच्या विणकामातून स्पेनच्या खेळाडूने मारलेला गोल एकही नाही.

मग ते पास गेले कुठे?

(वरून घेतलेलं दृश्य: रशियाचे पाच बचावपटू एका रांगेत, त्यांच्यापुढे मधली फळी.)

रशियाचे प्रशिक्षक चेर्चेसोव्ह यांनी त्या दिवशी मागे पाच जण उभे केले. चेंडू तुमचा, पेनल्टी बॉक्स आमचा, असा सरळ सौदा. या भिंतीसमोर स्पेनचे खेळाडू चेंडू डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवत राहिले. तक्त्यात मात्र सेंटर-बॅकने शेजारच्या सेंटर-बॅकला दिलेला आठ मीटरचा पास आणि बचावफळी चिरून बॉक्समध्ये घुसलेला पास, दोन्हींची किंमत एकच: एक.

पासाची अचूकताही अशीच फसवते. ज्याच्यावर कुणी धावून येत नाही, त्याचा पास चुकणार कसा?

आता टक्केवारी. ताबा स्टॉपवॉच लावून मोजतात असं आपल्याला वाटतं. तसं मोजणारे आहेतही. पण ऑप्टासारखी खेळांची आकडेवारी गोळा करणारी कंपनी तो पासांवरून काढत आली आहे: दोन्ही संघांचे मिळून जेवढे पास, त्यातला तुमचा वाटा म्हणजे तुमचा ताबा. समजा, एका संघाने मागच्या मागे नऊ पास दिले आणि दुसऱ्याने तीन पासांत गोलपोस्ट गाठला. ताबा किती? पंचाहत्तर विरुद्ध पंचवीस. अशा तक्त्यात पास आणि ताबा हे दोन वेगळे पुरावे नाहीतच. एकच साक्षीदार दोनदा उभा केलाय. 2022च्या वर्ल्ड कपला फिफाने तर तिसरा रकाना आणला, चेंडू कुणाच्याच हातात नसल्याचा. त्यामुळे एकाच सामन्याचे दोन तक्ते जुळले नाहीत, तर लगेच कुणाला खोटं ठरवू नका. आधी मोजलं कसं ते विचारा.

(स्लो मोशन: रशियाचा कॉर्नर. ज्युबा उंच उडतो.)

रशियाची बरोबरी एकेचाळिसाव्या मिनिटाला आली. कॉर्नरवर उंचपुऱ्या ज्युबाने हेडर मारला, चेंडू स्पेनच्या पाठमोऱ्या पिकेच्या वर गेलेल्या हाताला लागला. पेनल्टी, आणि ज्युबानेच ती मारली.

अशा हवेतल्या टक्करी तक्त्यात ‘ड्युएल’ म्हणून जमा होतात. एक जिंकला की समोरचा हरला, मधलं काही नाही. पण सेंटर-बॅकने हेडर जिंकून चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याच्या पायात टाकला, तरी ड्युएल त्याच्याच खात्यात. उलट जो आधीच वाट ओळखून पास मधेच तोडतो, त्याला ड्युएलचं काहीच मिळत नाही, कारण झुंज झालीच नाही. खरं तर तोच बचावपटू मला जास्त आवडतो. कपडे न मळवता काम करणारा. तेव्हा ड्युएलचा आकडा दिसला की दोन गोष्टी शोधा: मैदानाच्या कोणत्या भागात जिंकला, आणि पुढचा चेंडू कुणाला मिळाला.

स्कोअरचं घड्याळही तक्त्याशेजारी ठेवावं लागतं. 2022मध्ये कतारला जपानने याच स्पेनला 2-1 हरवलं, ऑप्टाच्या हिशेबाने 17.7 टक्के ताब्यावर. जपानचे गोल अठ्ठेचाळिसाव्या आणि एक्कावन्नाव्या मिनिटाला. आघाडी मिळाल्यावर चेंडूमागे पळायची गरज कुणाला होती? ती स्पेनला.

(पुन्हा लुझनिकी. पेनल्टी शूटआउट.)

मॉस्कोत स्पेनच्या कोकेची पेनल्टी रशियाचा गोलकीपर अकिनफेएवने अडवली. मग आला इयागो आस्पास. अकिनफेएव एका बाजूला झेपावला, चेंडू मधोमध आला, आणि मागे राहिलेल्या त्याच्या डाव्या पायाला लागून बाहेर उडाला. शूटआउट रशियाने 4-3 असं जिंकलं.

(तक्ता पुन्हा पडद्यावर. स्कोअरच्या जागी अजूनही 1-1.)