फाइट मास्टर पायाकडे का बघतो

नमस्कार श्रोतेहो, आज मी तुम्हाला एका मारामारीची गोष्ट सांगणारे. पडद्यावर जेमतेम बारा सेकंद दिसते ती, पण तिच्या तयारीत आमचे चार दिवस गेले. मी फाइट मास्टरच्या हाताखाली बरीच वर्षं काम करतोय, आणि लोक मला हमखास विचारतात की खरंच मारतात का हो? नाही मारत. पण न मारता मारल्यासारखं दाखवायचं आणि दहा फुटांवरून पडलेला माणूस संध्याकाळी चालत घरी गेला पाहिजे, यासाठी काय काय करावं लागतं ते आज सांगतो.

सीन असा होता. सदाशिव पेठेतला जुना वाडा, बिल्डरला द्यायचा की नाही यावरून दोन भावांचं भांडण, वरच्या गॅलरीत धाकटा थोरल्याला ठोसा मारतो, थोरला मागे जातो, कठडा मोडतो आणि तो खाली चौकात पडतो. कागदावर दोन ओळी. आमच्या मास्टरांनी वाड्यात गेल्यावर आधी टेप काढली. गॅलरी चौकापासून दहा फूट, कठडा तीन फूट, गॅलरीची रुंदी साडेचार फूट, खाली दगडी फरशी. मग त्यांनी सीनचे तीन तुकडे केले: ठोसा आणि मागे जाणं खरा नट करणार, कठड्यावरून खाली डुप्लिकेट जाणार, आणि फरशीवर पडलेला दिसणार तो परत खरा नट. प्रेक्षकाला हे एकच पडणं वाटतं.

आता ठोसा. यातली गंमत सगळी कॅमेऱ्याच्या जागेत असते. मारणारा आणि मार खाणारा एकमेकांच्या समोर, आणि कॅमेरा मार खाणाऱ्याच्या खांद्यामागे, म्हणजे मूठ आणि चेहरा लेन्सच्या एकाच रेषेत येतात आणि मधलं अंतर दिसतच नाही. तोच कॅमेरा बाजूला नेला की पोकळी लगेच उघडी पडते. अंतर आम्ही असं ठरवतो: मारणाऱ्याने हात पूर्ण लांब करायचा, मूठ जिथपर्यंत पोचते तिथून पुढे एक वीत सोडायची, आणि त्याच्या पलीकडे समोरच्याचा चेहरा. मग दोघांच्या पायाशी जमिनीवर टेपच्या खुणा. हात कितीही जोरात फिरवला तरी पाय खुणेवर असतील तर मूठ पोचूच शकत नाही, म्हणून आमचे मास्टर टेकमधे हाताकडे बघत नाहीत, पायाकडे बघतात. नट दमला किंवा रंगात आला की नकळत पुढे सरकतो, आधी दोन बोटं, मग चार, सहाव्या-सातव्या टेकला ती वीत संपलेली असते आणि हे चेहऱ्यावरून कळत नाही, टाचेवरून कळतं.

रिहर्सल पहिल्यांदा इतकी हळू की बघणाऱ्याला कंटाळा यावा. क्रम पाठ करायचा: आधी डोळ्याला डोळा, मार खाणाऱ्याने नजरेने 'तयार' सांगायचं, मगच हात सुटणार, आणि मूठ चेहऱ्यासमोरून जाताना मान त्याच दिशेला वळवायची. मार लागला असं पटवतो तो मार खाणारा, मारणारा नाही. मग निम्मा वेग, मग पाऊण, आणि शूटिंगलाही पाऊणच्या पुढे आम्ही फारसं जात नाही, कारण पूर्ण वेगात माणसाला मधेच थांबता येत नाही. आवाज तर नंतर स्टुडिओत भरतात, त्यामुळे खरा फटका मारण्याची गरजच नसते.

रिहर्सल कपड्यांतच करायची, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आमचा थोरला भाऊ कोल्हापुरी घालून होता आणि गुळगुळीत लाकडावर ती पहिल्याच फेरीत सरकली, टी-शर्ट आणि बुटांत सराव केला असता तर हे थेट टेकमधे कळलं असतं. त्याच चपलेच्या तळाला रबर चिकटवलं, धाकट्याची अंगठी आणि घड्याळ काढलं, थोरल्याच्या सदऱ्याखाली कोपराला आणि पाठीला पॅड बांधले.

आता खाली पडणं. कठड्याचा तेवढाच भाग काढून तिथे हलक्या लाकडाचा, आधीच अर्धवट कापलेला कठडा बसवला. चौकात मात्र आम्ही रिकामे पुठ्ठ्याचे खोके रचले, दीड फुटी, एकावर एक तीन थर, म्हणजे साडेचार फूट. खोके एकमेकांना घट्ट चिकटून, फट नको कारण फटीत पाय जातो, कोपऱ्यांना हवा बाहेर जायला जागा, भोवती दोर, वर पातळ गाद्या आणि ताडपत्री. का, तर एवढ्या उंचीवरून माणूस खोक्यांवर येतो तेव्हा वेग ताशी साधारण पंचवीस किलोमीटर असतो. हा वेग दोन इंचांत थांबला तर हाडं मोडतात, तोच दोन फुटांत थांबला तर शरीरावर येणारा सरासरी जोर बाराव्या हिश्श्यावर येतो. खोका चुरगळतो तेव्हा तो हे दोन फूट देत असतो. म्हणून एकदा बसलेला खोका परत वापरायचा नाही, वरून नीट दिसला तरी त्याची कड हाताने दाबली की लगेच आत जाते, ताजा खोका दाबाला तटतो. प्रत्येक टेकनंतर चुरगळलेले सगळे बदलले.

आधी माणसाच्या वजनाची वाळूची पोती टाकून बघितली, मग डुप्लिकेट चार फुटांवरून, मग सात, मग गॅलरीतून. पडायचं पाठीवर, हनुवटी छातीला, हात बाजूला पसरून आणि श्वास सोडत. पायावर कधीच नाही, कारण गुडघा वर येऊन तोंडावर बसतो.

हे सगळं एवढं काटेकोर का, तर मोजलेलं अंतर सेटवर गुपचूप बदलतं. 1982 साली बंगळुरात 'कुली'च्या शूटिंगला अमिताभ बच्चनना झालेली दुखापत सगळ्यांना माहितेय. ती उंच उडीतली नव्हती, मारामारीत पडताना टेबलाचा कोपरा पोटाला लागला होता. मी स्वतः एका मालिकेच्या सेटवर बघितलंय, रात्री लाइटसाठी कुणीतरी टेबल फूटभर सरकवलं, परत मोजायला कुणी थांबलं नाही आणि नटाचं कोपर फुटलं. तेव्हापासून मी टेबलाच्या चारही पायांना खुणा लावतो, आणि खूण झाकलेली दिसली की टेक थांबवतो, डायरेक्टर चिडले तरी.

शेवटचा तुकडा सगळ्यात सोपा. खोके हटवले, दगडावर पातळ मॅट, वर धूळ पसरली, थोरला गुडघ्यांवर बसला आणि तिथून कुशीवर आडवा झाला. कट म्हटल्यावर युनिटमधला कुणीही धावत जायचं नाही, उचलायचं तर मुळीच नाही. पहिले मास्टर जातात, बाजूला बसतात, पायाची बोटं हलवायला सांगतात, मग हाताची, मग मान. थोरल्याने पडल्या-पडल्याच अंगठा वर केला, तरी मास्टरांनी त्याला बोटं हलवायला लावलीच.