एक अंगण, चार दारे

श्रोतेहो, नमस्कार. गेली अनेक वर्षे मी घरांचे नकाशे काढतो आहे, आणि आज मला एकत्र कुटुंबाच्या घरातील एकाच प्रश्नाबद्दल बोलायचे आहे. स्वयंपाकघर एक आणि अंगण एक, असे असताना आजी-आजोबांना, जोडप्यांना आणि मुलांना आपापला एकांत कसा द्यायचा, हा तो प्रश्न. नकाशा पाहताना आपण खोल्या मोजतो आणि प्रत्येकाला खोली मिळाली की एकांत मिळाला असे समजतो. परंतु एकांत मोडतो तो वाटेमुळे, नजरेमुळे आणि आवाजामुळे. वाट, नजर आणि आवाज, हे तीन शब्द कृपया ध्यानात ठेवा.

हे मला शिकवले ते मीच बांधलेल्या एका घराने. आजी-आजोबा, दोन मुलगे, दोन सुना आणि तीन नातवंडे असे नऊ जणांचे ते कुटुंब होते. मी मध्यभागी पंधरा फूट रुंद आणि अठरा फूट लांब असे अंगण ठेवले, त्याच्या चारही बाजूंनी ओसरी फिरवली आणि प्रत्येक खोलीला अंगणाकडे उघडणारी मोठी खिडकी दिली. एका बाजूला आजी-आजोबा, त्यांच्या समोर धाकटे जोडपे, एका बाजूला थोरले जोडपे आणि उरलेल्या बाजूस स्वयंपाकघर व त्यालगत मुलांची खोली अशी मांडणी होती. म्हाताऱ्या माणसांना लांब चालावे लागू नये म्हणून न्हाणीघर आणि शौचालय आजी-आजोबांच्या खोलीला लागून घेतले. कागदावर ते घर फार सुंदर दिसत होते.

सहा महिन्यांनी मी तेथे गेलो, तेव्हा भर दुपारी सर्व खिडक्यांचे पडदे ओढलेले होते, खोल्यांतून दिवे लागले होते आणि अंगणात कोणीही नव्हते. आजी तेवढ्या पडदा न लावता बसल्या होत्या, पण खिडकीकडे पाठ करून. मी कारण विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "इकडे तोंड करून बसले, की समोर धाकट्याचा पलंग दिसतो. मुद्दाम पाहते असे त्यांना वाटायला नको, म्हणून मीच वळून बसते." ज्या अंगणासाठी त्यांनी घराचा हट्ट धरला होता, त्या अंगणाकडे त्यांना पाठ करावी लागत होती. ते ऐकून मला फार वाईट वाटले.

धाकट्या सुनेची अडचण वेगळी होती आणि ती तिने बऱ्याच वेळाने, संकोचून सांगितली. रात्री उठावे लागले, तर तिला अर्धी ओसरी ओलांडून आजी-आजोबांच्या खिडकीखालून जावे लागे. आजोबांची झोप सावध होती, त्यामुळे पाऊल वाजताच आतून "कोण?" असा आवाज येई आणि तिला उत्तर द्यावे लागे. आजोबांच्या मनात काळजीच होती. पण ती मुलगी संध्याकाळनंतर पाणी पिणे टाळू लागली होती. मी सोय म्हणून ज्या ठिकाणी शौचालय ठेवले, ते एकासाठी सोयीचे आणि दुसऱ्यासाठी जाचक ठरले होते.

मग आम्ही एक जाड दोरा घेतला. पलंगावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून सुमारे पावणेचार फुटांवर, दोऱ्याचे एक टोक धरले आणि दुसरे टोक खिडकीतून सरळ समोरच्या खोलीपर्यंत नेले. तो दोरा समोरच्या पलंगावर जाऊन टेकला, तर ती खिडकी चुकली. आमच्या घरात जोडप्यांच्या दोन्ही खिडक्या चुकल्या होत्या आणि उघडे दार धरले, तर धाकट्यांचे दारही चुकले होते.

अंगणाकडच्या त्या दोन खिडक्या आम्ही खालून साडेपाच फुटांपर्यंत विटांनी भरून घेतल्या. वर दीड फूट उंचीची आडवी पट्टी उरली, तीतून उजेड येतो, पण उभ्या माणसालाही आत डोकावता येत नाही. मोठ्या खिडक्या बाहेरच्या भिंतीत काढल्या. धाकट्यांच्या दाराच्या आत चार फुटांची आडभिंत उभी केली, त्यामुळे दार उघडले तरी पलंग दिसत नाही. दुसरे शौचालय दोन्ही जोडप्यांच्या खोल्यांमधील कोपऱ्यात बांधले आणि पहिल्याला आजी-आजोबांच्या खोलीतूनच दार दिले. स्वयंपाकघराची मोठी खिडकी मात्र आम्ही तशीच ठेवली, कारण तेथे दिसण्यात कोणालाच संकोच नव्हता. उलट पोळ्या लाटताना अंगणातील मुले नजरेसमोर राहत होती. पुढच्या खेपेस गेलो, तेव्हा आजींची खुर्ची खिडकीकडे वळलेली होती.

म्हणून सांगतो, प्रत्येक खोलीतून शौचालयापर्यंत आणि घराच्या बाहेरच्या दारापर्यंत जाताना दुसऱ्याच्या खोलीतून किंवा त्याच्या उशाजवळून जावे लागू नये. शेजारची भिंत सामाईक असल्याने बाहेर खिडकी काढता येत नसेल, तर छतातून उजेड घ्यावा. अंगणावर कायमचे पारदर्शक पत्रे घालून पावसाची सोय करण्याची जी पद्धत वाढते आहे, ती मला मुळीच पसंत नाही. गरम हवा वर निघून जाण्याची वाट बंद होते आणि चारही खोल्यांचे आवाज त्या पत्र्याखाली घुमतात.

आवाजाचा उल्लेख आला, तेव्हा एक मर्यादाही सांगायला हवी. उंच खिडकी नजर थांबवते, आवाज थांबवत नाही. चार कठीण भिंतींमधील अंगणात हळू बोललेलेही समोर ऐकू जाते, म्हणून जोडप्यांच्या खोलीला रात्री अंगणाकडची झडप बंद करूनही वारा मिळेल, अशी बाहेरची खिडकी लागते. दोन खोल्यांमधली भिंत साडेचार इंचांऐवजी नऊ इंचांची असावी आणि ती छताला नीट भिडलेली असावी. उतरत्या छपराच्या घरांत ही भिंत पुष्कळदा वर अपुरी सोडलेली असते, आणि मग खाली ती कितीही जाड असली, तरी बोलणे वरून पलीकडे जाते. दाराखालची अर्धा इंच फट हेच करते.

मुलांच्या बाबतीत आपण फार उशिरा जागे होतो. त्या घरातील थोरली नात चौदा वर्षांची होती आणि कपडे बदलण्यासाठी तिला न्हाणीघर रिकामे होण्याची वाट पाहावी लागे. तिघांच्या खोलीत आम्ही सहा फूट उंचीचे कपाट आडवे उभे करून तिचा कोपरा वेगळा केला, त्यात खिडकी आणि दिवा तिच्या वाट्याला आले, आणि खोलीच्या दाराला आतून कडी बसवली. त्या कडीला आजोबांचा विरोध होता. मला मात्र वाटते की आतून कडी असलेल्या दारावर थाप मारण्याची सवय घरातील सर्वांनाच लागते. पुढे आजोबाही ते दार वाजवूनच आत जाऊ लागले.

आपण नवे घर बांधत असाल, तर दोऱ्याची ही परीक्षा भिंती खिडकीच्या तळाच्या उंचीपर्यंत आल्या की लगेच घ्या. नियोजित पलंगांच्या जागी स्टूल ठेवून घरातल्या प्रत्येकाने त्यावर बसावे आणि समोर पाहावे. त्या दिवशी खिडकी दोन फूट बाजूला सरकवायची, तर गवंड्याला फार तर विटांचे दोन-चार थर उतरवावे लागतात. गिलावा झाल्यावर तेच काम फोडाफोडीचे होते, आणि आम्हाला ते, नऊ माणसे घरात राहत असताना, तीन आठवडे करावे लागले होते.